नेमलेल्या कादंबरीवरील निबंध आणि समीक्षेच्या संज्ञा : ‘बनगरवाडी’च्या आधारे



मागील घटकात आपण कादंबरी या वाङ्मयप्रकाराचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात नेमलेल्या एका कादंबरीवर निबंधवजा उत्तर कसे लिहावे आणि ते लिहिताना इंग्रजी समीक्षेतून आलेल्या संज्ञांना मराठी शब्द कसे योजावेत, याचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी आपण एकच पुस्तक व एकच प्रश्न घेऊ. पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’; ते 1955 साली प्रसिद्ध झाले. प्रश्न असा : ‘बनगरवाडी’तील निवेदकाच्या दृष्टिकोनाचे स्वरूप व त्याचे कादंबरीतील महत्त्व स्पष्ट करा.

हाच प्रश्न निवडण्याचे कारण धर्माबादच्या संपर्कवर्गात घडलेला एक प्रसंग आहे. मिरचीच्या आडतीवर हिशेब लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याने या प्रश्नाचे उत्तर लिहून आणले होते. अक्षर सुबक, शुद्धलेखन चोख. पण उत्तराची पहिली ओळ होती, ‘निवेदकाचा ग्रामीण जीवनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन अत्यंत सहानुभूतीचा आहे.’ पुढची तीन पाने या सहानुभूतीची उदाहरणे देण्यात गेली होती. विद्यार्थ्याने प्रश्न नीट वाचला नाही असे म्हणता येणार नाही. त्याने तो मराठी माणसासारखाच वाचला होता. मराठीत ‘दृष्टिकोन’ म्हणजे एखाद्या गोष्टीविषयीचे मत, वृत्ती, भूमिका. ‘मुलींच्या शिक्षणाकडे पाहण्याचा समाजाचा दृष्टिकोन’ असे आपण म्हणतो, तेव्हा हाच अर्थ अभिप्रेत असतो. प्रश्नकर्त्याच्या मनात मात्र ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ ही इंग्रजी संज्ञा होती आणि कादंबरीच्या समीक्षेत तिचा अर्थ अगदी वेगळा आहे. दोघेही एकच शब्द वापरीत होते आणि दोघेही वेगळ्या गोष्टीविषयी बोलत होते. दोष शब्दात होता आणि गुण मात्र विद्यार्थ्याचे गेले.

संज्ञेचा मूळ प्रश्न ओळखणे

समीक्षेतील प्रत्येक संज्ञा हे मुळात कोणत्या तरी प्रश्नाचे संक्षिप्त नाव असते. तो प्रश्न सापडला की मराठी शब्द शोधणे सोपे होते. न सापडल्यास शब्दकोशातला पहिला शब्द उचलावा लागतो. इंग्रजी समीक्षेत पर्सी लबक या समीक्षकाच्या 1921 सालच्या पुस्तकाने ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ या कल्पनेला कादंबरीच्या चर्चेत मध्यवर्ती स्थान मिळवून दिले. तिच्यामागचा प्रश्न साधा आहे : ही गोष्ट कोठे उभे राहून सांगितली जात आहे? सांगणाऱ्याला काय दिसते, काय दिसत नाही, आणि दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे त्याला कळू शकते काय? येथे मताचा संबंध नाही, जागेचा आहे. गल्लीतल्या भांडणाची हकीगत माडीवरच्या खिडकीतून पाहणारी बाई सांगेल आणि भांडणात मार खाल्लेला माणूस सांगेल. दोघांचे मत एकच असेल, ‘चूक त्या शेजाऱ्याचीच’. तरी दोन्ही हकीगती निराळ्या होतील, कारण पाहण्याची जागा निराळी आहे.

म्हणून या संज्ञेसाठी काही अभ्यासक ‘दृष्टिबिंदू’ हा शब्द वापरतात. मला तो अधिक पसंत आहे. ‘बिंदू’ म्हटले की स्थान सूचित होते. शिवाय हा शब्द रोजच्या बोलण्यात नसल्यामुळे त्याला मताचा अर्थ येऊन चिकटत नाही. तथापि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत ‘दृष्टिकोन’ हाच शब्द येण्याची शक्यता अधिक आहे, हे व्यवहारात विसरून चालणार नाही. अशा वेळी उत्तराच्या आरंभीच एका वाक्यात अर्थ निश्चित करावा : ‘येथे दृष्टिकोन म्हणजे निवेदकाचे मत नव्हे, तर ज्या स्थानावरून तो घटना पाहतो व सांगतो ते स्थान, असा अर्थ घेतला आहे.’ या एका वाक्याने परीक्षकाला तुमची समज कळते आणि तुमच्या लेखणीलाही दिशा मिळते. ‘निवेदकाचा दृष्टिकोन’ ऐवजी ‘निवेदनाचा दृष्टिकोन’ असे लिहिले तरी अर्थ बराचसा सावरतो. मत माणसाला असते, निवेदनाला नसते.

‘निवेदक’ या शब्दाबाबतही थोडी सावधगिरी हवी. आकाशवाणीचा निवेदक, समारंभाचा निवेदक हे आपल्या परिचयाचे आहेत. समीक्षेतील निवेदक म्हणजे कथा सांगणारा, आणि तो लेखकाने निर्माण केलेला असतो. माडगूळकर माणदेशातले, कादंबरीतला मास्तरही त्याच मुलखातला. त्यामुळे ‘बनगरवाडी’वर लिहिताना ‘माडगूळकर वाडीत शिक्षक म्हणून जातात’ असे वाक्य हातून सहज निसटते. ते चूक आहे. वाडीत जातो तो राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा तरुण मास्तर. माडगूळकर ती कादंबरी लिहितात. उत्तरात ‘लेखक’ हा शब्द आला की दरवेळी थांबून विचारावे, ही गोष्ट लेखक करतो की निवेदक? घटनांची निवड, प्रसंगांचा क्रम, शेवट कोठे करायचा हा निर्णय, या लेखकाच्या गोष्टी. पाहणे, चालणे, चुकणे, सांगणे या निवेदकाच्या.

मजकुराकडे परतणे

अर्थ निश्चित झाल्यावर पुस्तक पुन्हा चाळावे, पण आता सबंध कथा आठवण्यासाठी नव्हे. एकच गोष्ट शोधावी : मास्तराला काय दिसते आणि काय दिसत नाही? वहीत दोन उभे रकाने करून नोंदी केल्या तर अर्ध्या तासात पुरेशी सामग्री हाती येते. माझ्या वहीत चार प्रसंग उतरले.

पहिला प्रसंग आगमनाचा. औंध संस्थानातल्या या धनगरांच्या वाडीत मास्तर पायी येतो. शाळा आहे, पण तिची गरज वाडीला आपणहून वाटत नाही. मुले मेंढरांमागे जातात, तेच त्यांचे शिक्षण आणि तोच घरचा हातभार. मास्तराला हे हळूहळू कळते. कारभाऱ्याच्या शब्दाला वाडीत वजन आहे, आणि कारभाऱ्याने मनावर घेतले तरच शाळा चालणार, हे वाडीला आधीपासून ठाऊक असते. मास्तराला ते नंतर समजते.

दुसरा प्रसंग अंजीच्या चोळीचा. तिच्यासाठी चोळी आणून देणे मास्तराच्या दृष्टीने साधे काम असते. वाडीच्या नजरेत त्याचा अर्थ वेगळा होतो आणि कारभारी दुखावतो. येथे निवेदकाच्या दृष्टीची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसते. घटना त्याच्याच हातून घडते, तरी तिचा अर्थ त्याला सर्वांच्या शेवटी कळतो.

तिसरा प्रसंग शेकूचा. त्याच्यापाशी एकच बैल आहे. जुवाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको औत ओढते. मास्तर हे पाहतो. या ठिकाणी निवेदन मोठा शोक करीत नाही, दारिद्र्यावर प्रवचन देत नाही. दृश्य समोर ठेवून ते पुढे सरकते.

चौथा प्रसंग तालमीचा आणि तिच्यानंतर येणाऱ्या दुष्काळाचा. मास्तराच्या पुढाकाराने सारी वाडी राबते, तालीम उभी राहते, औंधचे राजे तिच्या समारंभाला येतात. आणि मग पाऊस दगा देतो, मेंढरे मरू लागतात, माणसे जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते, शाळाही राहत नाही.

कादंबरीत आणखीही पुष्कळ आहे. आनंदा रामोशी आहे, मास्तराशी वाकडे घेणारा दादू बालट्या आहे. परंतु निबंध एका प्रश्नाचे उत्तर असतो आणि त्यासाठी तीन-चार प्रसंग पुरतात. दहा प्रसंग घेतले तर प्रत्येकाला दोनच ओळी मिळतात आणि उत्तर कथासार होऊन बसते.

या नोंदींवरून आता एक विधान करता आले पाहिजे. ‘दृष्टिकोन प्रभावी आहे’ हे विधान नव्हे. त्याच्याशी कोणी असहमत होऊ शकत नाही, म्हणून त्यात सिद्ध करण्याजोगे काही उरत नाही. मी असे लिहीन : ‘बनगरवाडी’चा निवेदक वाडी बदलण्यासाठी येतो, पण त्याला वाडी नेहमी उशिरा कळते, म्हणून तो सुधारकाकडून साक्षीदाराकडे सरकत जातो. हे विधान वादग्रस्त आहे. तालीम त्याच्याच पुढाकाराने उभी राहिली, मग तो केवळ साक्षीदार कसा, असे कोणी विचारू शकेल. विचारावेच. ज्या विधानावर असा आक्षेप घेता येतो, त्याच्याभोवतीच निबंध उभा राहतो. त्या आक्षेपाला उत्तर देणारा परिच्छेद तुमच्या लेखनातला सर्वांत जिवंत परिच्छेद ठरतो.

‘आयरनी’ची अडचण

चौथ्या प्रसंगावर लिहिताना एका इंग्रजी संज्ञेची गरज भासते, आणि ती मराठी समीक्षेतल्या सर्वांत त्रासदायक संज्ञांपैकी आहे : ‘आयरनी’. जिथे वाडी स्थिर व्हावी म्हणून तालीम बांधली, तिथे तालीम उभी राहते आणि वाडीच उठून जाते. इंग्रजीत या रचनेला एका शब्दात नाव देता येते. मराठीत काय म्हणावे?

शब्दकोश पाहिला तर एकाहून अधिक शब्द मिळतात आणि विद्यार्थी बहुधा पहिला घेतो. तसे न करता प्रत्येक शब्द प्रसंगावर ठेवून पाहावा. ‘उपरोध’ घेऊ. उपरोधाला बोलणारा लागतो. ‘वा, फार लवकर आलात!’ असे उशिरा येणाऱ्याला कोणी म्हटले की तो उपरोध. तालीम आणि दुष्काळ यांच्यात कोणी कोणाला टोमणा मारलेला नाही. म्हणजे हा शब्द बसत नाही. ‘उपहास’ आणि ‘विडंबन’ तर आणखी दूर जातात. पहिल्यात हसू लागते, दुसऱ्यात दुसऱ्या कृतीची नक्कल. ‘वक्रोक्ती’ हा शब्द भारदस्त वाटतो, पण तो कुंतकाच्या काव्यविचारातला आहे. तेथे त्याचा अर्थ कवीच्या उक्तीतले वैशिष्ट्यपूर्ण वळण असा होतो आणि त्या विचाराला स्वतःचा मोठा संदर्भ आहे. तो ‘आयरनी’चा पर्याय म्हणून वापरला की वाचकाला दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात आणि एकही नीट ऐकू येत नाही. ‘विरोधाभास’ हा अलंकार आहे. त्यात विरोध केवळ भासतो, विचार केल्यावर मावळतो. बनगरवाडीच्या शेवटी विरोध मावळत नाही, उलट अधिक खोल जातो.

राहिला ‘दैवदुर्विलास’. बोलीभाषेत आणि वृत्तपत्रांतही असा प्रसंग सांगताना हाच शब्द तोंडी येतो आणि तो बराच जवळचाही आहे. पण त्याच्या पोटात एक दावा दडलेला आहे : हे दैवाने केले. कादंबरी तसे म्हणते काय? मला तसे वाटत नाही. मेंढरांवर जगणारे लोक गवत आणि पाणी संपले की हलतात. ते त्यांच्या जगण्याच्या रीतीतच आहे. मास्तराने कल्पिलेले स्थैर्य त्या रीतीशी मुळापासूनच जुळणारे नव्हते. म्हणून येथे दैवाला पुढे करणे म्हणजे मजकुरात नसलेले कारण शब्दाच्या मागच्या दाराने आत आणणे होय. पारिभाषिक शब्द निवडताना होणारी ही सर्वांत सूक्ष्म चूक. शब्द केवळ नाव देत नाही, कधीकधी तो आपल्या वतीने निकालही देऊन टाकतो.

मग मी काय लिहीन? ‘घटनाक्रमातील विसंगती’. ‘विसंगती’ हा शब्द नुसता फार सैल आहे. लेखकाच्या चुकीलाही विसंगती म्हणतात. ‘घटनाक्रमातील’ हे विशेषण लावल्यावर तो बांधला जातो. काही ग्रंथांत ‘परिस्थितिजन्य उपरोध’ असा जोडशब्द आढळतो. तो वापरल्यास परीक्षकाला चटकन ओळख पटेल, आणि त्यात गैर काही नाही. पण उपरोधाला बोलणारा लागतो ही मराठीची जाणीव तेथे जराशी दुखावतेच. ‘आयरनी’चे सर्व प्रकार पोटात घेणारा एकच मराठी शब्द नाही आणि त्याची खंत बाळगण्याचे कारण नाही. बोलण्यातल्या प्रकाराला उपरोध, घटनांतल्या प्रकाराला विसंगती, आणि प्रेक्षकाला ठाऊक असून पात्राला ठाऊक नसणाऱ्या नाटकातल्या प्रकाराला ‘नाट्यगत उपरोध’ किंवा सरळ वर्णन, असे तीन ठिकाणी तीन शब्द वापरावेत. ग्रीक भाषेतल्या मूळ शब्दाचा अर्थ अज्ञानाचे सोंग घेणे असा होता. इंग्रजीने त्या एका शब्दावर पुढे पुष्कळ ओझे लादले. ते ओझे आपणही एकाच शब्दावर लादले पाहिजे असे नाही.

जवळची भाषा, फसवे शब्द

या भागातल्या विद्यार्थ्यांसाठी एक विषयांतर करतो. धर्माबादेत मराठीबरोबर तेलुगू आणि हिंदी कानावर असतात आणि बाजारात हिंदी मार्गदर्शके सहज मिळतात. त्यांतून आलेले काही शब्द मराठी उत्तरात घात करतात. हिंदीत ‘चरित्र-चित्रण’ म्हणजे पात्रांचे चित्रण. मराठीत ‘चरित्र’ म्हणजे जीवनवृत्तांत आणि ‘चारित्र्य’ म्हणजे नैतिक वर्तन. ‘कारभाऱ्याचे चारित्र्य उत्तम रंगवले आहे’ असे लिहिले तर कारभारी सदाचारी आहे असा अर्थ होतो. तेथे ‘व्यक्तिरेखा’ किंवा ‘व्यक्तिचित्रण’ हवे. हिंदीतला ‘व्यंग्य’ हा उपहासाच्या जवळचा. मराठीत ‘व्यंग’ म्हणजे न्यून, शारीरिक दोष. कादंबरीला हिंदीत ‘उपन्यास’ म्हणतात, तेलुगूत ‘नवला’. मराठीने आणि कन्नडने मात्र बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाचे विशेषनाम उचलून त्याचे सामान्यनाम केले. एकाच वाङ्मयप्रकाराला चार शेजारी भाषांनी तीन वाटांनी नाव दिले. संज्ञा घडवण्याची एकच शास्त्रशुद्ध रीत नसते, याचा हा घरातला पुरावा.

मराठवाड्याला या प्रश्नाचा आणखी एक अनुभव आहे. हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असताना 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवले गेले. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढून हजारो पारिभाषिक शब्द अरबी-फारसी धातूंवरून घडवण्यात आले. शब्द काटेकोर होते. पण ज्या मराठी आणि तेलुगू मुलांच्या घरात त्या धातूंची ओळख नव्हती, त्यांना ते पाठ करावे लागले. आज आपण संस्कृतावरून शब्द घडवतो तेव्हा तोच धोका वेगळ्या वेशात उभा असतो. ‘संज्ञाप्रवाह’ हा शब्द पाहा. मनात अखंड वाहणाऱ्या जाणिवांच्या लेखनाला तो मराठीत रूढ झाला आहे. पण अनेक विद्यार्थ्यांना तो पारिभाषिक संज्ञांचा प्रवाह वाटतो, कारण ‘संज्ञा’ म्हणजे जाणीव हा अर्थ त्यांच्या कानावर आलेला नसतो. म्हणून असा शब्द पहिल्यांदा वापरताना लगेच पुढच्या वाक्यात त्याचा साधा अर्थ सांगावा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि प्रभा गणोरकर, वसंत आबाजी डहाके आदींनी संपादित केलेला ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’ हे ग्रंथ जरूर पाहावेत. पण त्यांत पहिल्या प्रकारचे कोश पर्याय देतात, दुसरा संकल्पना समजावतो, हा फरक ध्यानात ठेवून. निबंधासाठी दुसरा अधिक उपयोगी.

शोकांतिका आणि शोकात्मिका या जोडीकडेही एकदा पाहू. ‘ट्रॅजेडी’साठी दोन्ही शब्द चालतात. पहिला शेवटाकडे बोट दाखवतो, दुसरा प्रकृतीकडे. ‘बनगरवाडी’चा शेवट दुःखाचा आहे म्हणून विद्यार्थी तिला शोकांतिका म्हणतात, आणि शब्दशः ते चूकही नाही. परंतु ज्या ग्रीक कल्पनेतून ही संज्ञा आली, तिच्यात थोर नायक आणि त्याच्या हातून घडणारा प्रमाद यांना स्थान आहे. बनगरवाडीत कोणाचाही प्रमाद दुष्काळ आणत नाही. म्हणून ‘शोकात्म शेवट’ म्हणावे, ‘शोकात्मिका’ म्हणू नये.

एक परिच्छेद लिहून पाहू

आता वरील विधान आणि वरील शब्द घेऊन निबंधातला एक परिच्छेद कसा होईल ते पाहा.

‘चोळीच्या प्रसंगात निवेदनाच्या दृष्टिकोनाची मर्यादा ठळकपणे जाणवते. मास्तर जे करतो ते त्याच्या लेखी साधे काम आहे. त्यात लपवण्यासारखे त्याला काही वाटत नाही आणि म्हणून तो ते लपवीतही नाही. वाडी मात्र त्याच कृतीत वेगळा अर्थ वाचते. निवेदन प्रथमपुरुषी असल्यामुळे कारभाऱ्याच्या मनात काय चालले आहे हे वाचकालाही आतून कळत नाही. मास्तराप्रमाणेच आपल्यालाही ते त्याच्या वागण्यावरून ताडावे लागते. सर्वज्ञ निवेदकाने हाच प्रसंग सांगितला असता, तर आपण कारभाऱ्याचा गैरसमज पाहून मास्तराची कीव केली असती. येथे आपण मास्तराबरोबर चुकतो. वाडीचे नियम बाहेरच्या माणसाला किती उशिरा उमगतात, याचा अनुभव त्यामुळे केवळ सांगितला जात नाही, वाचकाला येतो.’

या परिच्छेदात चोळीची सबंध हकीगत सांगितलेली नाही. परीक्षकाने पुस्तक वाचले आहे. त्याला प्रसंगाची खूण पुरते. मधले वाक्य, ‘सर्वज्ञ निवेदकाने सांगितला असता तर’, हे या प्रकारच्या प्रश्नातले सर्वांत उपयुक्त हत्यार आहे. दृष्टिबिंदू बदलून पाहिला की तो होता म्हणून काय साधले, हे आपोआप दिसते. आणि पारिभाषिक शब्द मोजले तर ते तीनच आहेत. प्रथमपुरुषी निवेदन, दृष्टिकोन, सर्वज्ञ निवेदक. प्रत्येक शब्दाला परिच्छेदात काम आहे. जो शब्द काढून टाकला तरी वाक्याचा अर्थ बदलत नाही तो शब्द उत्तरात नसावा. ‘वास्तववादी’, ‘प्रतीकात्मक’ आणि ‘कलात्मक’ ही विशेषणे या कसोटीवर बहुधा गळून पडतात.

भाषेचाही पुरावा घेता येतो आणि विद्यार्थी तो क्वचितच घेतात. ‘बनगरवाडी’त निवेदन प्रमाण मराठीत आहे, वाडीतल्या माणसांचे बोलणे माणदेशी बोलीत. म्हणजे पानोपानी दोन भाषा शेजारी शेजारी चालतात. सांगणारा आणि ज्यांच्याविषयी सांगायचे ते, यांच्यातले अंतर कथानकात जसे आहे तसे वाक्यरचनेतही आहे. निवेदक वाडीचा झाला असे म्हणणाऱ्याला या पुराव्याला उत्तर द्यावे लागेल. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही 1971 सालची कादंबरी शेजारी ठेवली तर फरक ताबडतोब कळतो. तेथे निवेदनच मराठवाडी बोलीत आहे. सांगणारी बाई त्याच जगातली आहे, बाहेरून आलेली नाही. तुलनेसाठी एवढे दोन वाक्यांत नोंदवावे आणि पुन्हा नेमलेल्या पुस्तकाकडे यावे.

कथासार होत आहे हे कसे ओळखावे

उत्तर लिहून झाल्यावर एक तपासणी करावी. ती व्याकरणाची आहे, म्हणून भाषाशास्त्राच्या शिक्षकाला विशेष प्रिय. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढा. ‘आला, गेला, म्हणाला, बांधली, निघून गेले’ अशी भूतकाळी क्रियापदे ओळीने पाच-सहा आली, तर त्या जागी तुम्ही गोष्ट सांगू लागला आहात. ‘जाणवते, सूचित होते, उशिरा कळते, अंतर दाखवते’ अशी वर्तमानकाळी क्रियापदे असतील तर तुम्ही गोष्टीविषयी बोलत आहात. दोन्हींची गरज असते. दोन भूतकाळी वाक्यांमागे निदान एक वर्तमानकाळी वाक्य हवे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याच्या वहीत सलग अठरा भूतकाळी वाक्ये सापडली. ती त्याने स्वतःच मोजली, आणि मग हसून म्हणाला, ‘सर, हे तर आडतीचं रोजकीर्द झालं!’ पुढच्या आठवड्यात त्याने तेच उत्तर पुन्हा लिहून आणले. अर्ध्या लांबीचे होते आणि त्यात ‘सहानुभूती’ हा शब्द एकदाच आला होता, तोही शेकूच्या प्रसंगात, जेथे निवेदन सहानुभूती बोलून दाखवीत नाही हे सांगण्यासाठी.

स्वाध्याय

तालमीच्या प्रसंगावर सुमारे पंधरा ओळींचा परिच्छेद लिहा. ‘निवेदक सुधारक की साक्षीदार’ या प्रश्नावर वर दिलेल्या विधानाच्या विरोधी बाजू घ्या. ‘घटनाक्रमातील विसंगती’ ही संज्ञा पटत नसल्यास दुसरा शब्द योजा आणि तो का योजला हे एका वाक्यात नोंदवा. शेवटच्या क्रियापदांखाली रेघा ओढून वही पुढील संपर्कवर्गाला सोबत आणावी.